हप्ता पाच तारखेला घ्या, पण आधी अठ्ठावीस तारखेचं बघा

प्रश्न : माझ्या हातात पगार ५८,००० येतो. एक तारखेला जमा होतो, कधी दोनला संध्याकाळी, सुट्ट्या आल्या तर तीनला. गेल्या वर्षी दुसऱ्या बँकेकडून ५ लाखांचं वैयक्तिक कर्ज घेतलं, १५ टक्के व्याजानं, ४ वर्षांसाठी. हप्ता १३,९००, तारीख २. बारा हप्ते झाले, पण गेल्या सहा महिन्यांत तीन बाउन्स झाले आणि दर वेळी दोन्ही बँकांचे मिळून बाराशे गेले. त्यातल्या एकदा तर पगार एकलाच आला होता, पण भाडं, मुलीची फी आणि एकाचे उसने दिल्यावर खात्यात १२,००० उरले. आता बँक म्हणते ५ किंवा १० तारीख करून देतो. मला १० बरी वाटते, जरा उसंत मिळेल. घरखर्च भाड्यासकट ३५,००० आहे. क्रेडिट कार्डावर ४०,००० आहेत, दरमहा किमान रक्कम ३,००० भरतो. कर्ज देणाऱ्या साहेबांनी सोबत एक युलिप, म्हणजे गुंतवणूक जोडलेली विमा पॉलिसी दिली, तिचे ५,००० दर २८ तारखेला जातात. पाच वर्षांत ते पैसे दुप्पट होणार आहेत, त्यातून कर्जच फेडून टाकीन, त्यामुळे ती काळजी नाही. तर तारीख कोणती घेऊ?

उत्तर : पाच घ्या. दहा घेऊ नका.

तारीख ठरवताना पगार नेहमी कधी येतो हे बघायचं नसतं. गेल्या वर्षभरात तो सर्वांत उशिरा कधी आला ते बघायचं आणि त्यापुढे एक-दोन दिवस सोडायचे. तुमचा सर्वांत उशिराचा पगार तीनचा, म्हणून पाच. आदल्या संध्याकाळी पैसे खात्यात हवेत, कारण ऑटो-डेबिटची मागणी बहुधा सकाळीच तुमच्या बँकेकडे येते. दोन तारखेला संध्याकाळी आलेला पगार दोन तारखेच्या हप्त्याच्या काही कामाचा नाही. रविवार आहे म्हणून हप्ता एक दिवस पुढे जाईल, असंही धरून चालू नका. ज्या यंत्रणेतून हे हप्ते कापले जातात ती नॅश १ ऑगस्ट २०२१ पासून सुट्टीच्या दिवशीही चालते. पगाराच्या फाइलवर सही करणारा माणूस मात्र रविवारी घरी असतो. म्हणून सुट्टी आली की पगार मागे पडतो आणि हप्ता वेळेवर हजर होतो.

दहाची उसंत तुम्हाला महागात जाईल. तारीख पुढे सरकवली की मधल्या दिवसांचं व्याज बँक बहुधा एकदा वेगळं लावते. तुमचं साधारण चार लाख मुद्दल बाकी आहे, म्हणजे दिवसाला सुमारे १६५ रुपये व्याज. तीन दिवसांचे ५००, आठ दिवसांचे १,३००. ही रक्कम फार मोठी नाही. खरी अडचण वेगळी आहे. पगारानंतर हप्त्याचे पैसे आठवडाभर खात्यात पडून राहिले, तर त्यांना शंभर वाटा फुटतात. तुमच्या तिसऱ्या बाउन्सकडे नीट बघा. त्या महिन्यात पगार वेळेवर आला होता आणि हप्त्याला फक्त एक दिवस होता. त्या एका दिवसात १,९०० कमी पडले. नऊ दिवस मिळाले असते, तर काय उरलं असतं?

म्हणजे तीनपैकी दोन बाउन्स तारखेमुळे झाले असतील, तिसऱ्याचा तारखेशी संबंध नाही. तुमचे चार आकडे मी एकाखाली एक मांडले : हप्ता १३,९००, घर ३५,०००, कार्ड ३,०००, युलिप ५,०००. बेरीज ५६,९००. पगारातून उरतात ११००. फी आली, औषधं आली, कोणाचे उसने द्यायचे राहिले, की हे ११०० संपतात आणि बाकीचं कार्डावर जातं. कार्डावर ४०,००० कसे साचले, हे यातच आलं. या खात्याला कोणतीही तारीख दिली तरी ते वर्षातून एक-दोनदा तोंडघशी पडणारच.

आता त्या युलिपकडे येतो. तुम्ही तिच्याबद्दल काही विचारलेलं नाही, पण पत्रातली सगळ्यात महागडी गोष्ट तीच आहे.

आधी दुप्पट होण्याचा हिशेब. पाच वर्षांत तुम्ही ३ लाख भरणार आणि त्याचे ६ लाख व्हायला हवेत. सगळे पैसे पहिल्या दिवशी भरले असते, तर वर्षाला साधारण १५ टक्के पुरले असते. तुम्ही दरमहा भरता, म्हणजे सरासरी रुपयाला जेमतेम अडीच वर्षं मिळतात. एवढ्या वेळात दुप्पट व्हायला वर्षाला २५ टक्क्यांहून जास्त परतावा लागतो, तोही सगळे शुल्क कापून झाल्यावर. पॉलिसीच्या कागदांत तुमच्या सहीचा एक लाभ-तक्ता असेल, तो काढा. त्यात ४ टक्के आणि ८ टक्के असे दोनच दर धरलेले दिसतील. आठ टक्क्यांनी, शुल्क जाऊन, तीन लाखांचे साडेतीन लाखांच्या आसपास होतात. ‘दुप्पट’ हा शब्द त्या कागदावर कुठेही नसेल. तो फक्त साहेबांच्या तोंडी होता.

आणि पाच वर्षांनी कुठलं कर्ज फेडणार? कर्ज चार वर्षांचं आहे. युलिपचा लॉक-इन, म्हणजे पैसे काढता न येण्याचा काळ, पाच वर्षांचा. दोन्ही एकाच वेळी घेतलेत, म्हणजे पॉलिसीतून पहिला रुपया बाहेर निघण्याआधी वर्षभर तुमचं कर्ज संपलेलं असेल. ज्या माणसानं ही जोडी तुमच्या गळ्यात मारली, त्याला हे कळत नव्हतं असं मी मानत नाही. कर्जासोबत विमा घेणं सक्तीचं नसतं. तसं सांगितलं गेलं असेल, तर विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा, समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. पण फक्त तोंडी आश्वासनावर तक्रार टिकणं कठीण असतं, म्हणून त्या वेळचे मेसेज किंवा ई-मेल असतील तर शोधून ठेवा.

तोवर हे बघा : तुम्ही १५ टक्क्यांनी कर्ज घेतलंय, कार्डावर बहुधा महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतंय, आणि त्याच वेळी दरमहा ५,००० अशा ठिकाणी टाकताय जिथे आठ टक्के मिळाले तरी नशीब. कार्डाचं व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून महिन्याला १,६०० च्या पुढे जातात. तुम्ही भरता ३,०००, म्हणजे मुद्दल जेमतेम तेराशे-चौदाशेनं उतरतं. त्यातही नवीन खरेदी केली, तर तेवढंही नाही. थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर सुरू होतं.

म्हणून प्रीमियम थांबवा, पण या क्रमानं. तुमच्यावर घर अवलंबून आहे, तेव्हा आधी साधा टर्म विमा, म्हणजे गुंतवणूक नसलेला निव्वळ जीवनविमा घ्या आणि तो हातात येईपर्यंत युलिप चालू ठेवा. युलिपमधलं विमासंरक्षण बहुधा वार्षिक प्रीमियमच्या दहापट असतं, म्हणजे तुमच्या बाबतीत सहाएक लाख. त्यात तुमच्या घराचं दीड वर्ष निघणार नाही. टर्म विम्यात याच्या कितीतरी पट संरक्षण प्रीमियमच्या छोट्याशा भागात मिळतं. टर्म पॉलिसी मंजूर झाली की विमा कंपनीला लेखी कळवा आणि २८ तारखेचं मॅन्डेट, म्हणजे खात्यातून पैसे कापायला तुम्ही दिलेली परवानगी, तुमच्या बँकेतून रद्द करा. नुसतं खातं रिकामं ठेवून प्रीमियम चुकवू नका, त्याचाही बाउन्स लागतो.

भरलेले साठ-पासष्ट हजार बुडत नाहीत. दुसऱ्या वर्षात तुमच्याएवढ्या प्रीमियमची पॉलिसी बंद केली, तर बंद करण्याचं शुल्क वार्षिक प्रीमियमच्या ४ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणजे २,४०० च्या आसपास. उरलेले पैसे बंद पॉलिसींच्या वेगळ्या फंडात जातात, त्यावर किमान ४ टक्के मिळतात आणि लॉक-इन संपल्यावर तुमच्या खात्यात येतात. कंपनी पुन्हा पुन्हा फोन करेल, पॉलिसी सुरू ठेवण्याचे फायदे सांगेल. तेव्हा त्यांना तो ४ आणि ८ टक्क्यांचा तक्ता वाचून दाखवा.

मोकळ्या झालेल्या ५,००० चं पहिले तीन महिने काहीही करू नका. ते हप्त्याच्या खात्यात तसेच राहू द्या. तीन महिन्यांत १५,००० होतात, म्हणजे एक पूर्ण हप्ता आगाऊ तयार. मग पगार तीनला आला काय किंवा सहाला, हप्ता जाईल. चौथ्या महिन्यापासून तेच ५,००० कार्डाच्या ३,००० ला जोडा, सहाएक महिन्यांत कार्ड निल होईल. तोवर कार्ड कपाटात. टर्म विम्याचा प्रीमियम यातूनच काढावा लागेल, त्यामुळे एखादा महिना जास्त लागला तर लागू द्या.

हे १५,००० खर्च होऊ नयेत म्हणून एक सोपी व्यवस्था करा. लोक हप्त्यासाठी वेगळं खातं उघडतात आणि मग नव्या मॅन्डेटच्या मागे फिरतात. तुम्ही उलटं करा. हप्ता जिथून जातो ते पगाराचं खातं तसंच ठेवा आणि घरखर्च दुसऱ्या खात्यात हलवा. पगार आला की ३५,००० तिकडे पाठवायचे आणि यूपीआय, डेबिट कार्ड, भाडं, फी, सगळं तिकडूनच. पगाराचं खातं यूपीआयच्या अ‍ॅपमधून काढून टाका.

राहिली तारीख बदलण्याची प्रक्रिया, यात नवे बाउन्स होतात. अर्ज लेखी किंवा बँकेच्या अ‍ॅपमधून द्या, फोनवरच्या ‘हो, झालं’वर जाऊ नका. सुधारित परतफेड-तक्ता मागून घ्या आणि त्यात तीन गोष्टी बघा : नवी तारीख, मधल्या दिवसांचं व्याज कधी आणि कसं घेणार, आणि हप्त्यांची संख्या वाढली नाही ना. जुनंच मॅन्डेट चालेल की नवं लागेल, हेही विचारा. नवं लागणार असेल, तर जुनं रद्द झाल्याचं कळेपर्यंत थांबा, नाहीतर एकाच महिन्यात दोन्ही धावतात. बदलाच्या महिन्यात दोन आणि पाच या दोन्ही तारखांना १३,९०० खात्यात असू द्या. म्हणून हा अर्ज आज न करता, ते १५,००० साठल्यावर केलात तर उत्तम. तोवर पगाराला उशीर होणार असं दिसलं, तर हप्त्याचे पैसे एक तारखेलाच कुठून तरी खात्यात आणून ठेवा, बाराशे वाचतील.

आणि तरीही एखादा हप्ता परत गेलाच, तर त्याच दिवशी तो बँकेच्या अ‍ॅपवरून स्वतः भरा आणि पुन्हा मागणी पाठवू नका असं लगेच लेखी कळवा. काही बँका चार-पाच दिवसांनी तोच हप्ता परत मागतात. तेव्हा खात्यात पैसे असले तर दुबार कापले जातात, नसले तर आणखी एक बाउन्स लागतो.