'गाणी ऐकायला आवडतं' की 'आवडतात'?

*"'मला जुनी गाणी ऐकायला आवडतात' असं मी लिहिलं होतं. मुद्रितशोधकांनी 'आवडतात' खोडून 'आवडतं' केलं. म्हणाले, आवडतं ते ऐकणं, गाणी नव्हेत. मग माझं चुकलं का?"*

चुकलं नाही. मुद्रितशोधकांचं 'आवडतं'ही बरोबर आहे, पण त्यांनी दिलेलं कारण पुरतं टिकत नाही. तेच कारण लावायचं तर 'मला ही कुलपं उघडता येतात' हेही खोडावं लागेल, कारण येतं ते उघडणं, कुलपं नव्हेत. तिथे मात्र कोणी लाल शाई उचलत नाही.

हे कुलपाचं वाक्यच आधी नीट बघू, कारण तिथे पर्याय जवळजवळ नाही. मला कुलूप उघडता आलं. मला पेटी उघडता आली. मला दरवाजा उघडता आला, दोन्ही दरवाजे उघडता आले. 'उघडता' जागचं हलत नाही, आणि 'येणे' मात्र आलं, आली, आला, आले असं पेटी-दरवाज्यामागे फिरतं. आता या पेटीचं 'येणे'शी नातं काय? 'मला पेटी आली' म्हटलं तर कोणीतरी ती पाठवली असं वाटेल. पेटी 'उघडणे'चं कर्म आहे, आतल्या क्रियेचं. बाहेरचं क्रियापद स्वतःचा कर्ता सोडून आतल्या क्रियेच्या कर्माचं लिंग-वचन घेतं. भाषाशास्त्रात याला 'दूरान्वय' म्हणता येईल. मी सोयीसाठी तेच नाव वापरतो.

('मला चार भाषा बोलता येतात' हे उदाहरण मुद्दाम टाळलं. 'मला चार भाषा येतात' हेही चालतं, त्यामुळे भाषा नेमक्या कोणत्या क्रियापदाच्या हे सांगता येत नाही. उदाहरण निवडताना ही चाळणी लावायचीच: आतली क्रिया काढून टाका आणि वाक्य उरतं का ते बघा.)

कोणी म्हणेल, 'उघडता येणे' हे एकच संयुक्त क्रियापद आहे, मग दूर कसलं आणि जवळ कसलं? शाळेच्या व्याकरणात तसंच शिकवतात, आणि 'येणे'पुरता तो मुद्दा मला मान्य आहे. म्हणून 'ठरवणे' घेऊ, ते कोणाचं सहायक नाही. 'तिने गाडी विकायचं ठरवलं' आणि 'तिने गाडी विकायची ठरवली', दोन्ही ऐकू येतात. नुसतं 'तिने गाडी ठरवली' म्हटलं तर अर्थ पार बदलतो: ती गाडी भाड्याने घेतली, विकण्याचा संबंधच नाही. म्हणजे गाडी 'विकणे'चीच आहे, आणि तरी 'ठरवली' तिच्यामुळे स्त्रीलिंगी झालं.

या जोडीत एक गंमत आहे. विकायचं–ठरवलं चालतं, विकायची–ठरवली चालतं. 'विकायचं ठरवली' मात्र कोणाच्याही तोंडी येणार नाही. आतल्या क्रियेने गाडीशी जुळवून घेतलं नसेल, तर बाहेरच्या क्रियापदाला गाडीपर्यंत पोचता येत नाही. हिंदीतही हेच आहे: 'राम ने किताब पढ़ना चाहा' किंवा 'राम ने किताब पढ़नी चाही', पण 'पढ़ना चाही' नाही. उलट बाजूचं 'गाडी विकायची ठरवलं' मराठीत कधी कधी ऐकू येतं, पण तिथे मध्ये एक 'असं' गिळलेला असतो. 'असं' आला की आतलं वाक्य बंद होतं. 'तिने गाडी विकली असं सांगितलं' मध्ये 'सांगितली' होणं शक्य नाही.

आणखी दोन ठिकाणी हा अन्वय अडतो. कर्माला 'ला-ना' लागलं की ते बाद: 'मला मुलांना शिकवता येतं', 'येतात' नाही. पण त्याच वाक्यात बिनप्रत्ययाचं दुसरं कर्म असलं तर क्रियापद त्याच्याकडे जातं: 'मला मुलांना गोष्टी सांगता येतात'. मुलं अनेक आहेत म्हणून 'येतात' झालेलं नाही. एकच गोष्ट असेल तर लगेच 'सांगता येते' होतं. दुसरं, बाहेरच्या क्रियापदाला स्वतःचा बिनप्रत्ययाचा कर्ता असेल तर ते आत डोकावतच नाही. 'तो गाणी ऐकायला लागला', 'लागली' नाही. 'मला' किंवा 'तिने' असा प्रत्यय लागलेला कर्ता असला तरच क्रियापद मोकळं राहतं.

आता तुमची गाणी. 'मला' प्रत्ययासह आहे, गाण्यांना प्रत्यय नाही, म्हणजे वाट मोकळी आहे. पण 'येणे'सारखी सक्ती नाही, 'आवडणे' दोन्हीकडे जातं. शिवाय इथे वरची चाळणी लागत नाही, कारण 'मला जुनी गाणी आवडतात' हे स्वतंत्र वाक्यही चालतं. म्हणून 'आवडतात' हा शुद्ध दूरान्वय आहे असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. 'ही गाणी ऐकायला छान आहेत' याच्याच जातीचं ते वाक्य असू शकेल. तरी माझ्या कानाला एक फरक जाणवतो: 'गाणी ऐकायला आवडतात' सहज वाटतं, पण 'भांडी घासायला आवडतात' थोडं अडखळतं, तिथे 'आवडतं' हवंसं वाटतं. गाणी ही आवडीची वस्तू असते, भांडी सहसा नसतात; तिथे आवडलं तर ते घासण्याचं काम.

हा 'बोलणं कशाबद्दल चाललंय' असा निकष दूरच्या एका भाषेत फार स्पष्ट दिसतो. दागिस्तानातल्या त्सेझ भाषेत नामांचे चार वर्ग आहेत आणि वर्गाचं चिन्ह क्रियापदाच्या आधी लागतं. 'मुलाने भाकरी खाल्ली हे आईला माहीत आहे' अशा वाक्यात 'माहीत असणे'ला एरवी आतल्या अख्ख्या वाक्याचं, म्हणजे चौथ्या वर्गाचं, 'र' हे चिन्ह लागतं. पण भाकरीबद्दलच बोलणं चाललं असेल, तर भाकरीच्या तिसऱ्या वर्गाचं 'ब' लागतं. मारिया पोलिन्स्की आणि एरिक पॉट्सडॅम यांनी 2001 साली हे मांडलं, तेव्हापासून या विषयावर बोलताना त्सेझ निघतेच.

मग हा प्रश्न आपल्याला रोज का पडत नाही? कारण लेखी मराठी तो झाकते. 'मला कविता वाचायला आवडते' यातलं 'आवडते' कवितेमुळे स्त्रीलिंगी की वाचण्यामुळे नपुंसकलिंगी, हे रूपावरून कळत नाही. बोलण्यात 'आवडते' आणि 'आवडतं' वेगळे होतात, आणि अनेकवचन आलं की लेखनातही भेद उघडा पडतो. तुमचं वाक्य नेमकं तिथे सापडलं.

मुद्रितशोधकांशी पुन्हा बोलणं झालंच तर त्यांना एवढं वाक्य दुरुस्त करायला द्या: 'तिला ही कुलपं उघडता यायला हवीत.' कुलपं 'उघडणे'ची, मध्ये 'येणे', आणि अनेकवचन थेट तिसऱ्या क्रियेवर. त्यांनी 'हवं' केलं तर मला जरूर कळवा.