आधी वही बघ, मग शब्द

प्रिय,

कुठलं विधान राजकोषीय धोरणाचं, म्हणजे सरकारच्या कर-खर्चाचं, आणि कुठलं पतधोरणाचं, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या व्याज-रोकडीचं, हे ओळखायच्या सरावाची तुझी उत्तरं वाचली. ‘सरकारची तूट वाढली आणि कर्जरोख्यांवरचा परतावा चढला’ या विधानापुढे तू ‘पतधोरण’ लिहिलं आहेस. कारण काय, तर व्याज आलं म्हणजे रिझर्व्ह बँक आली. हे तुला कुठल्या तरी क्लासमधल्या शब्दांच्या यादीने शिकवलंय. कर दिसला की राजकोषीय, व्याज दिसलं की पतधोरण. मी अशी यादी कधीच दिली नाही. त्यापायी मुलं माझा वर्ग सोडून गेली, तरी दिली नाही. मी विचारतो तो प्रश्न एकच: सरकारच्या जमाखर्चाच्या वहीत काही बदललं का?

2019 सालच घे. 20 सप्टेंबरला, जीएसटी परिषदेच्या बैठकीआधी, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी गोव्यात कंपनी कर कमी केल्याचं जाहीर केलं. सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी मूळ दर 22 टक्के झाला. अधिभार आणि उपकर धरून तो 25.17 टक्के होतो. मोठ्या कंपनीवरचा जुना बोजा 34.94 टक्के होता. म्हणजे ज्या कंपनीला 100 कोटी नफा होता आणि जी पूर्ण दराने कर भरत होती, तिचे वर्षाला जवळपास पावणेदहा कोटी वाचले. सरकारचा स्वतःचा अंदाज होता की आपला 1.45 लाख कोटींचा महसूल बुडेल. वहीतली जमेची बाजू आटली, म्हणून हे राजकोषीय.

आता तू अडखळलास ती जागा. महसूल घटला आणि खर्च तसाच राहिला, की तूट वाढते. ती भरायला सरकार बाजारात जास्त रोखे विकणार, हे ओळखून रोखे घेणारे जास्त परतावा मागतात. त्या दिवशी शेअर बाजार उसळला आणि रोख्यांवरचा परतावाही चढला. व्याज वाढलं, पण रेपो दराला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते त्याला, कुणी हात लावला नव्हता. उलट रिझर्व्ह बँक त्या वर्षी तो उतरवतच होती. फेब्रुवारीआधी 6.5 टक्के होता, तो 4 ऑक्टोबरला 5.15 वर आला. एकाच वर्षी दोन धोरणं व्याजाला दोन दिशांना ओढत होती. यादी पाठ करणाऱ्याला हे दिसणारच नाही. (तूट जीडीपीच्या 3.3 टक्के ठरली होती, झाली 4.6. सगळा दोष करकपातीचा नव्हे. मंदीनेही महसूल खाल्ला.)

धंद्यावरचा परिणामही दोन्हींचा वेगळा असतो, आणि परीक्षक तिथेच पकडतो. भागीदारीत चालणारा लेथचा छोटा कारखाना धर. डोक्यावर दोन कोटींचं कर्ज. कंपनी कराची कपात त्याला एक रुपया देत नाही, कारण तो कंपनीच नाही. कंपनी असून तोट्यात असती, तरी मिळालं नसतं. कर नफ्यावर असतो. रेपोतली 1.35 टक्क्यांची घट मात्र कर्जात पूर्ण उतरली, तर त्याचे वर्षाला 2 लाख 70 हजार वाचतात, नफा असो वा नसो. ‘उतरली तर’ हे महत्त्वाचं. बँका हात आखडता घेत होत्या, म्हणून तर 1 ऑक्टोबर 2019 पासून लघुउद्योगांची नवी बदलत्या दराची कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी बांधावी लागली.

आणि करकपातीने गुंतवणूक वाढली, असं डोळे मिटून लिहू नकोस. रिझर्व्ह बँकेच्याच 2019-20 च्या वार्षिक अहवालाने म्हटलं की तो पैसा कर्जफेडीत आणि रोकड साठवण्यात गेला, नव्या कारखान्यांत नाही. गिऱ्हाईक नसताना यंत्र कोण घेतो? हे मी तेव्हाच वर्गात म्हणत होतो. लोक मला रडतोंड्या म्हणाले. असो.

आता माझा आवडता सापळा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने सरकारला 1.76 लाख कोटी रुपये द्यायचं ठरवलं. नाव रिझर्व्ह बँकेचं, म्हणून निम्मा वर्ग ‘पतधोरण’ लिहितो. अरे, वही बघ! ही रक्कम सरकारच्या करेतर महसुलात जमा होते आणि तूट तेवढी कमी दिसते. रेपो दर जागचा हलत नाही. नावावर जाऊ नकोस, वही बघ.

उलटंही करून पाहा. रिझर्व्ह बँक बाजारातून सरकारी रोखे विकत घेते. ‘सरकारी’ शब्द आहे, तरी त्या खरेदीने सरकारचा कर किंवा खर्च बदलत नाही. बँकांच्या हातात रोकड येते. हे पतधोरण. आणि सरकार नवे रोखे विकतं, तेव्हा? ते उत्तर तू लिहून पाठव, आणि शेजारी कारण लिही. नुसता शब्द लिहिलास तर मी तपासणार नाही.

तुझा,
सर