दोनशे वीस अक्षरांत अकरा वर्षं

“लिंक्डइनवर नावाखालच्या ओळीत २२० अक्षरंच बसतात. माझा अकरा वर्षांचा अनुभव त्यात कसा मावायचा? कितीही छाटलं तरी तीनशेच्या खाली येत नाही.”

हे गृहस्थ औषधांच्या गोदामाचं नियोजन बघायचे. त्यांच्या ओळीची सुरुवात होती, “मेहनती, ध्येयवादी आणि सकारात्मक व्यावसायिक”. पुढे कंपनीने दिलेलं पद, ‘सीनियर असोसिएट – २’. मग दोन प्रमाणपत्रं, एक पुरस्कार, वर्षांचा आकडा.

मी त्यांना म्हटलं, छाटायचं नंतर बघू. आधी कुठल्याही पोस्टखाली तुम्ही केलेली एखादी कमेंट फोनवर उघडा आणि नावाखाली काय दिसतंय ते मला वाचून दाखवा. त्यांनी वाचलं, “मेहनती, ध्येयवादी आणि…” आणि थांबले. पुढे तीन टिंबं होती. पूर्ण ओळ प्रोफाइल उघडल्यावर दिसते, पण प्रोफाइल उघडायचं की नाही हे बहुतेक लोक त्या तुटक्या तुकड्यावरूनच ठरवतात. म्हणजे खरी अडचण २२० अक्षरांची नव्हतीच, पहिल्या चाळीसेकांची होती.

दुसरी गडबड पदनामाची. ‘सीनियर असोसिएट – २’ ही कंपनीच्या आतली पायरी आहे, बाहेर कोणी ती शोधत नाही. त्यांना हव्या असलेल्या कामाच्या दहा जाहिराती मी त्यांना वाचायला लावल्या. सातांत एकच नाव होतं, इन्व्हेंटरी प्लॅनर. काम तेच करत असल्यामुळे ते नाव लावण्यात खोटं काही नव्हतं. (करत नसलेल्या कामाचं पद लावलं, तर पहिल्याच मुलाखतीत उघडं पडतं.) कंपनीतलं अधिकृत पद अनुभवाच्या नोंदीत तसंच ठेवलं.

मग मी विचारलं, तुम्ही आठवडाभर रजेवर गेलात तर काय बिघडेल? ते पटकन म्हणाले, “मुदत संपलेला माल साचेल.” हे वाक्य त्यांच्या तीनशे अक्षरांत कुठेच नव्हतं! ओळ अशी झाली:

इन्व्हेंटरी प्लॅनर | औषधांचा साठा आणि मागणीचा अंदाज | मुदत संपून वाया जाणारा माल कमी करणं | सॅप, एक्सेल

त्यांनी ती इंग्रजीत लिहिली, शंभराच्या आतच बसली. देवनागरीत लिहिणार असाल तर अक्षरं मोजताना सावध राहा, कारण काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. ‘सी’ आपल्याला एक अक्षर वाटतं, पण मोजणीत ती दोन होतात.

‘नोकरीच्या शोधात’ हे शब्द मी काढायला लावले. त्यासाठी ‘ओपन टू वर्क’ची वेगळी सोय आहे आणि ती फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल अशी ठेवता येते. मात्र सध्याच्या कंपनीला ती दिसणारच नाही, अशी खात्री लिंक्डइनही देत नाही.

पुरस्कारावर मात्र आमचं जमलं नाही. त्यांना तो हवाच होता. जागा उरली होती, म्हणून त्यांनी तो शेवटी टाकला. कमेंटखाली तो दिसत नाही, त्यामुळे मीही हट्ट सोडला.