'तुम्ही या' म्हणजे नक्की किती जण?

"'प्लस वन'ला मराठीत काय म्हणतात? आमच्या हॉलची मर्यादा १२० आहे आणि लोक विचारतायत 'अजून दोघांना आणू का'. आईबाबांना अवघड होणार नाही असं 'नाही' कसं लिहू?"

एका शब्दाचा प्रतिशब्द मी तरी बोलण्यात ऐकला नाही, 'सोबत एक जण' एवढंच म्हणतो आपण. खरा घोळ 'तुम्ही'मध्ये आहे. एकट्या काकांना मानाने 'तुम्ही नक्की या' म्हटलं तरी तेच आणि अख्ख्या घराला म्हटलं तरी तेच, वर त्यांचं उत्तर 'हो, आम्ही येतो', म्हणजे त्यातही आकडा नाहीच. त्यात 'सहपरिवार' लिहिलंत की संपलं, कारण परिवार म्हणजे मुळात भोवतीचा गोतावळा, लवाजमा, मग त्यांनी त्यांच्याकडे आलेला पाहुणा आणला तर दोष कुणाचा? 'सहकुटुंब' जरा आवरतं आहे (जुन्या बोलण्यात 'आमचं कुटुंब' म्हणजे फक्त बायको), पण तेही हवं तेवढं ताणता येतं.

सोय मराठीतच आहे की, दोघं, तिघं, चौघं! 'काका, तुम्ही दोघं या' यात आकडाही आला आणि आपुलकीही, 'दोन व्यक्तींसाठी' लिहिलं की तिकीट वाटतं. चौघांच्या पुढे 'पाच जण' म्हणा.

आता विचारणाऱ्यांचं. आधी हॉलवाल्यांना विचारा की १२० मध्ये फोटोवाले, वाढपी, लहान मुलं धरलीयत का. समजा धरलीयत आणि कामाची माणसं १० आहेत, तर घरचे धरून उरले ११०, त्यातली १०४ नावं पक्की करा आणि ६ जागा कुणालाही न सांगता हातात ठेवा.

उत्तरात 'बघू' हा शब्द अजिबात नको. बोलणाऱ्याच्या मनात तो नकार असतो, ऐकणारा मात्र होकार समजतो आणि दोघांना घेऊन येतो. आईबाबांनी सगळ्यांना 'याद्या त्याच्याकडे आहेत' म्हणून तुमच्याकडे पाठवावं आणि तुम्ही असं लिहा: 'मावशी, आधी विचारलंत ते फार बरं झालं. हॉलमध्ये १२०च्या वर घेत नाहीत आणि यादी भरलीय, त्यामुळे तुम्ही दोघंच या. कुणी गळलं तर गुरुवारी मीच फोन करतो, फोन आला नाही तर जमलं नाही असं समजा.' शेवटचं वाक्य गाळू नका, नाहीतर तोही एक लांबलचक 'बघू'च होतो. आणि एकाला हो म्हटलं की दुसऱ्याला कळतंच, म्हणून त्या ६ जागा गुरुवारआधी उघडू नका.

तरीही कुणी न सांगता आलंच तर दारात 'तुम्ही कुणाकडून?' नको, ते पार झोंबतं. 'या, किती जण आहात?' विचारा, स्वागतही होतं आणि मोजणीही, आणि त्या ६ मधल्या उरलेल्या जागा असतात त्या याचसाठी.