एक्स्चेंजवर साठलेलं यूएसडीटी काय सांगतं?

एक्स्चेंजवर यूएसडीटी वाढलं की बिटकॉइन चढतं म्हणतात. खरं का? (कोथरूड)

अर्धं खरं आहे. यूएसडीटी किंवा यूएसडीसी, म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेली टोकन, स्वतःच्या वॉलेटमधून एक्स्चेंजवर आणणाऱ्याला बहुधा काहीतरी घ्यायचं असतं, म्हणून ही शिल्लक थांबलेल्या खरेदीचा ढोबळ अंदाज देते. पण तेच टोकन फ्युचर्ससाठी मार्जिन, म्हणजे तारण, म्हणूनही ठेवतात, आणि त्या मार्जिनवर शॉर्टही करता येतं, म्हणजे भाव उतरेल यावर पैज लावता येते. त्यामुळे स्पॉट आणि डेरिव्हेटिव्ह एक्स्चेंजचे आकडे वेगळे मिळत असतील, तर स्पॉटचाच बघा.

गेल्या महिन्यात बिटकॉइन वाढलं, पण शिल्लक तेवढीच राहिली. खरेदीचे पैसे गेले कुठे? (हडपसर)

कुठेच गेले नाहीत, आणि सगळी गोम इथेच आहे. तुम्ही मंडईत भाजी घेतली की नोट तुमच्या खिशातून गाळेवाल्याच्या गल्ल्यात जाते. मंडईतला एकूण पैसा तेवढाच राहतो. इथेही तसंच. तुम्ही १०,००० यूएसडीटी देऊन बिटकॉइन घेतलंत, तर ते १०,००० विकणाऱ्याच्या खात्यात पडले. शिल्लक बदलते ती कोणी बाहेरून टोकन आणलं किंवा बाहेर काढलं तरच. म्हणून मोठी शिल्लक नुकत्याच विकून बसलेल्यांची असू शकते, आणि ते पुन्हा घेतीलच असं नाही. मी एकूण पातळीपेक्षा आठवडाभरातली निव्वळ आवक जास्त मानते.

परवा रात्री एका एक्स्चेंजवर अचानक ५० कोटी यूएसडीटी आले. लगेच खरेदी करू का? (पिंपरी)

थांबा. यूएसडीटी इथेरियम, ट्रॉन अशा वेगवेगळ्या ब्लॉकचेनवर, म्हणजे साखळ्यांवर, फिरतं. आधी त्यांचे व्यवहार दाखवणाऱ्या इथरस्कॅन किंवा ट्रॉनस्कॅन या साइटवर तो व्यवहार उघडा आणि `From` समोरचा पत्ता बघा. तो त्याच एक्स्चेंजचा कोल्ड वॉलेट, म्हणजे ऑफलाइन तिजोरी, असेल, तर पैसा फक्त एका कपाटातून दुसऱ्या कपाटात गेला. नव्या वॉलेटवर नावाची चिठ्ठी लागायला वेळ लागतो, तोवर ही हलवाहलव ‘आवक’ म्हणून दिसते. मग, पैसे इथेरियमवर आले असतील तर, ट्रॉनवरची शिल्लकही बघा. यूएसडीटी काढणारी टेदर कंपनी एका साखळीवरची टोकन घेऊन दुसरीवर देते, त्यामुळे इथेरियमवर ५० कोटी वाढले आणि ट्रॉनवर तेवढेच घटले, तर बेरीज शून्य.

एकाच टोकनवरही विसंबू नका. फेब्रुवारी २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या नियामकानं पॅक्सॉस कंपनीला तिचं बीयूएसडी हे डॉलरशी बांधलेलं टोकन नव्यानं काढायला मनाई केली आणि धारक दुसऱ्या टोकनकडे वळू लागले. फक्त बीयूएसडी बघणाऱ्याला तेव्हा खरेदीची ताकदच आटल्यासारखी दिसली असती.

मी रुपयांतच घेतो. माझे पैसे यात धरतात का? (सिंहगड रोड)

नाही. भारतीय एक्स्चेंजवर पडून असलेले तुमचे रुपये कुठल्याच साखळीवर नसतात. यूएसडीटी देऊन बिटकॉइन घेणं म्हणजे कायद्यानं यूएसडीटीचं हस्तांतर, आणि त्यावर १ जुलै २०२२पासून १ टक्का टीडीएस लागू आहे. त्यामुळे इथले बरेच जण रुपयांतच थांबतात, आणि ती ताकद या आकड्यात येतच नाही.