आधी ठिणगी, मग तलवार

ताई, मी २९ वर्षांची, पुण्यात राहते. ढोल-ताशा पथकाच्या सरावात भेटलेल्या एका मुलाबद्दल महिनाभरात खूप ओढ वाटायला लागलीय. परवा सरावानंतर पावसात अडकलो होतो, तेव्हा त्याने माझा हात धरला. त्यावर अजून दोघांपैकी कुणीच काही बोललेलं नाही. ऑक्टोबरात मला नोकरीसाठी हैदराबादला जायचंय, हे त्याला माहीत नाही. मी टॅरोची दोन पानं काढली. आधी एस ऑफ वाँड्स आला, मग एस ऑफ स्वोर्ड्स, दोन्ही सुलटे. मैत्रीण म्हणते, तलवार म्हणजे भांडण, हे तुटणार. खरंच का?
— मृ., पुणे

प्रिय मृ.,

तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं मला पटत नाही. तलवारींमध्ये दुखावणारी पानं आहेतच. तिर्रीत तीन तलवारी हृदयात घुसलेल्या असतात आणि पंजीत एकजण तलवारी गोळा करून उभा असतो, तर बाकीचे दोघे हरून निघालेले असतात. तुला मात्र एक्का आलाय. आज मिळणारे बरेचसे संच पामेला कोलमन स्मिथ यांच्या १९०९ सालच्या चित्रांवर बेतलेले आहेत. तुझा तसाच असेल तर ते पान नीट बघ. ढगातून आलेल्या हाताने एकच तलवार सरळ उभी धरलीय, तिच्या टोकावर मुकुट आहे आणि मुकुटावरून ऑलिव्हची आणि ताडाची फांदी लोंबतेय. ऑलिव्ह समेटाचं चिन्ह आणि ताड विजयाचं. ती तलवार कुणावरही उगारलेली नाही. हे पान स्वच्छ विचाराचं आणि स्पष्ट शब्दाचं आहे.

आता पहिलं पान घे. वाँड्सचा एक्का म्हणजे अचानक पेटलेली ओढ, आणि ती खरी आहे, यात मला शंका वाटत नाही. पण त्या काठीकडे बघ. तिला पालवी फुटलीय, काही पानं हवेत गळतायत आणि ती जमिनीत रोवलेली नाही, एका हाताने वर धरलेली आहे. गढी दिसते तीही लांब, टेकडीवर. एक्क्यात फक्त सुरुवात असते. ‘हाच तो’ असं या पानातून वाचलंस तर त्यात नसलेलं वाचशील, आणि या पानाच्या बाबतीत ती चूक फार जणांकडून होते.

दोन्ही एकत्र वाचताना तत्त्वं बघायची. वाँड्स अग्नी, स्वोर्ड्स वायू. जुन्या पद्धतीत ही दोन तत्त्वं मित्र मानली जातात, एकमेकांना बळ देतात. चुलीत ठिणगी पडली की फुंकणी लागते, तसं. त्यात क्रमही तुझ्या बाजूचा आहे. तलवार आधी आली असती तर मी म्हटलं असतं, आधी स्वतःशी हिशेब कर, ओढ मागून येईल. तुझ्याकडे ओढ येऊन गेलीय, आता बोलायची पाळी आहे. तलवारीचा एक्का उलटा आला असता तर शब्द बोचरे किंवा गोंधळलेले निघतील म्हणून मी तुला थोडं थांबायला सांगितलं असतं. तो सुलटा आहे.

या तलवारीला दोन्हीकडे धार आहे, आणि माझ्या मते तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं तेच. ‘तुझ्या मनात काय आहे?’ असं त्याला विचारणं ही एक धार. हैदराबाद ही दुसरी, आणि ती तुझ्याकडे वळलेली आहे. ती लपवून पहिली वापरलीस तर तो अर्धवट माहितीवर उत्तर देईल आणि ते उत्तर ऑक्टोबरपर्यंतही टिकणार नाही. म्हणून सुरुवात तुझ्या बाजूने कर. ‘त्या दिवशी तू हात धरलास, मला आवडलं. पण ऑक्टोबरात मी हैदराबादला जातेय, हे तुला सांगायचं राहिलं. हे कळल्यावर तुला काय वाटतं?’ एवढंच बोल आणि गप्प राहा. सरावाच्या गर्दीत नको, मेसेजवर तर नकोच. पथक सुटल्यावर चहाला थांबा.

तो काय म्हणेल, हे या पानांत नाही. ती तू काढलीस, तुझ्या मनाने विचारून, त्यामुळे त्यांतली दिशा तुझी आहे. त्याच्या उत्तरासाठी तिसरं पान काढू नकोस. मनासारखं येईपर्यंत पानं काढत राहिलं की आधीच्या दोन पानांचंही वाचन बिघडतं.

त्याने विचार करायला वेळ मागितला तर ते उत्तर म्हणून घे आणि कधी बोलायचं तो दिवस दोघांनी तिथेच ठरवा. त्याने विषय हसण्यावारी नेला तर एकदा, फक्त एकदाच, तोच प्रश्न पुन्हा सरळ विचार. तेव्हाही तो टाळत असेल, तर हैदराबादचं घर शोधायला लाग.

तुझी,
ताई