छोटे लॉट मागताना आधी एकूण ऑर्डर सांगा

जागा आणि पैसा अडकू नये म्हणून सप्लायरकडून माल थोडा थोडा मागवायचा असेल, तर नुसतं "कमी माल पाठवा" म्हणू नका. त्याला ते ऑर्डर कमी झाल्यासारखं ऐकू येतं आणि तो दर वाढवतो. समजा तुम्ही तिमाहीला ६०० बॉक्स घेता. मग ६०० चीच पक्की ऑर्डर द्या, फक्त डिलिव्हरी दरमहा २०० अशी तारखांसह लिहून मागा. त्याला उत्पादन एकदमच काढता येतं, म्हणून जुना दर टिकण्याची शक्यता वाढते. मात्र माल त्याच्या गोदामात राहणार, हे त्याला मान्य आहे का ते स्पष्ट विचारा.

सुरुवातीला हमखास चुकतं ते इथे:

- बिल पूर्ण ६०० चं येतं. मग जागा वाचते, पैसा अडकतोच. प्रत्येक डिलिव्हरीचं वेगळं बिल आणि उधारीची मुदत त्या बिलापासून, हे ऑर्डरवरच लिहा.
- भाडं विसरलं जातं. एका खेपेऐवजी तीन होतील. त्याच्या गाडीची तुमच्या भागातली नेहमीची फेरी विचारा आणि तारखा तिच्याशी जुळवा.

आठवड्याला ५० बॉक्स लागत असतील, तर तेवढे शिलकीत ठेवाच. गाडी दोन-चार दिवस लांबतेच. पहिल्यांदा एकच तिमाही करून बघा.